डोळे मिटून खा

घरात तिला सगळे ‘नेमकी’ म्हणत. दूधवाल्याने ‘उद्या येतो’ म्हटलं की ती ‘उद्या किती वाजता?’ विचारायची. लग्नानंतर आठवडाभरात सासूबाईंनी हे नाव ठेवलं होतं आणि तिने ते तक्रार न करता घेतलं, कारण तिच्या मते ते बरोबर होतं.

नेमकी आणि तिची थोरली जाऊ, दोघी मिळून सणाच्या भेटपेट्या विकत. घराच्या तळमजल्यावरची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान, कारखाना आणि कचेरी. एका भिंतीला दुमडलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्यांची चळत, दुसऱ्या भिंतीला बरण्या आणि डबे, मधोमध जेवणाचं जुनं टेबल. ते वर्षातले दोन महिने जेवणासाठी मिळत नसे, आणि त्यावरून सासरे दरवर्षी तेच बोलून दाखवत. खरेदी, वेबसाइट, हिशेब आणि कुरियर हे नेमकीकडे. पेट्या भरणं, फिती बांधणं आणि संदेश लिहिणं थोरलीकडे. थोरलीचं अक्षर छापल्यासारखं नव्हतं, त्याहून बरं होतं. ते वाचलं की कुणीतरी बसून आपल्यासाठी लिहिलंय असं वाटायचं. अर्धी गिऱ्हाइकं त्या अक्षरासाठी परत येत.

वेबसाइटवरचं वर्णन मात्र नेमकीच लिहायची, आणि त्यावर कुणाचं काही चालायचं नाही. यंदाच्या मोठ्या पेटीचं वर्णन असं होतं:

“मोठी पेटी. आत काय आहे: मधाची काचेची बरणी, अडीचशे ग्रॅम. संत्र्याचा जॅम, दोनशे ग्रॅम. भाजलेले खारे बदाम, पत्र्याच्या डब्यात, दीडशे ग्रॅम. काळ्या चॉकलेटच्या दोन वड्या. ओट आणि मधाची बिस्किटं, बारा. चहाची डबी. हाताने ओतलेली मेणबत्ती, बिनवासाची. फोटोतला टेबलक्लॉथ आणि कात्री पेटीत नाही. पॅकिंग: पुन्हा वापरता येईल अशी जाड पुठ्ठ्याची पेटी, आत कागदाच्या पट्ट्यांची गादी, वर सुती फीत. बरण्या वेगळ्या गुंडाळलेल्या. संदेश: तुमचा मजकूर, तीस शब्दांपर्यंत, हाताने लिहून बंद पाकिटात. त्याचे वेगळे पैसे नाहीत. खाली नाव घालायला विसरू नका, आम्ही ते अंदाजाने घालत नाही. बाहेरगावी सणाच्या आधी पोहोचायला हवी असेल तर शेवटची ऑर्डर एकोणीस तारखेच्या रात्रीपर्यंत. गावातल्या गावात बावीसपर्यंत. त्यानंतरची पेटी सणानंतर पोहोचेल, आणि तसं सांगूनच आम्ही ती पाठवू.”

“कात्री पेटीत नाही हे कशाला लिहायचं?” थोरलीने विचारलं होतं. “कात्री कोण मागतं?”

“गेल्या वर्षी एकाने मागितली होती, ताई.”

“आणि?”

“आणि आपण दिली. तुमची चांगली कात्री होती ती.”

ती कात्री थोरलीला अजून आठवत होती.

पेटी भरायची त्यांची स्वतःची पद्धत होती. एका वर्षी एका पेटीत मेणबत्ती राहिली, गिऱ्हाईक चिडलं, आणि तेव्हापासून नेमकीने ‘वाचून भरणं’ सुरू केलं. ती वेबसाइटवरचं वर्णन फोनवर उघडायची आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायची. थोरली ती वस्तू पेटीत ठेवायची आणि म्हणायची, “आहे.” मध? आहे. जॅम? आहे. सासूबाई कोपऱ्यात फिती कापत बसायच्या आणि मधूनच त्याही म्हणायच्या, “आहे, आहे, मी पण आहे.” शेवटी ऑर्डरचा क्रमांक पाहून त्या क्रमांकाचं बंद पाकीट वर ठेवायचं आणि झाकण लावायचं. वर्णनात आहे ते पेटीत असणार, पेटीत आहे ते वर्णनात असणार. या एका गोष्टीचा नेमकीला इतका अभिमान होता की ती कुणाला तो दाखवतही नसे.

एकोणीस तारखेला सकाळी बेकरीवाल्याचा फोन आला. त्याची भट्टी बंद पडली होती.

“म्हणजे किती बंद?” नेमकीने विचारलं.

“बंद म्हणजे बंद, बाई. आता बंदमध्ये काय कमी-जास्त असतं?”

“आज चालू होईल का?”

“मिस्त्री आलाय. नुसता बघतोय. तो बघत उभा राहिला की मला भीती वाटते.”

ओटची बिस्किटं मिळणार नव्हती. दुपारपर्यंत नेमकीने दुसऱ्या बेकरीतून शेंगदाण्याची कुरकुरीत बिस्किटं आणली. चांगली होती, ताजी होती, किंमत तीच. घरी येताच तिने पहिलं काम केलं ते वर्णन बदलण्याचं. ‘ओट आणि मधाची बिस्किटं’ काढून ‘शेंगदाण्याची कुरकुरीत बिस्किटं’ घातलं. फोटो नवा काढला. त्याखाली ठळक अक्षरात वेगळी ओळ घातली: या पेटीत शेंगदाणे आणि बदाम आहेत. मग पान पुन्हा उघडून नीट दिसतंय ना ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं.

वीस तारखेला सकाळपासून बाहेरगावच्या शेवटच्या पेट्या भरल्या गेल्या. नेमकीने वाचलं, थोरलीने “आहे” म्हटलं. दुपारी कुरियरचा गाडीवाला आला, त्याने हातातल्या यंत्राने प्रत्येक पेटीवरची बारकोडची पट्टी टिपली, पेट्या गाडीत रचल्या आणि गेला. खोली एकदम मोठी दिसायला लागली. थोरलीने चहा टाकला. नव्या बिस्किटांचं एक फुटलेलं पाकीट उरलं होतं, ते सासूबाईंनी ताटलीत ओतलं.

“झक्कास आहेत गं,” त्या म्हणाल्या. “ओटच्या बिस्किटांपेक्षा शंभर पटीने बरी. ती खाताना मला घोड्याची आठवण यायची.”

“आई, ती आपण विकतो,” नेमकी म्हणाली.

“विकायला काय, विका की. खायला सांगू नका.”

थोरली हसली. चहाचा कप टेकवत म्हणाली, “यंदा संदेश काय एकेक आलेत! एका नवऱ्याने बायकोला लिहिलंय, ‘यातले बदाम माझ्यासाठी ठेव.’ एवढंच. नाव तेवढं घातलंय. आणि एक मावशी आहे, तिने भाच्याला काय लिहिलंय, मला लिहिता लिहिता डोळ्यात पाणी आलं.”

“काय लिहिलंय?”

थोरलीला संदेश तोंडपाठ होत. तिने डोळे बारीक करून आठवलं. “‘लाडक्या, गेल्या सणाला माझ्यामुळे तुला दवाखाना दिसला. या वेळी आतली यादी दोनदा वाचली आहे. शेंगदाणा नावालासुद्धा नाही. डोळे मिटून खा. तुझी मावशी.’ बघ ना, किती...”

ती थांबली. तिच्या हातात अर्धं खाल्लेलं बिस्कीट होतं. तिने ते ताटलीत ठेवलं, जसं काही ते बिस्कीटच आता बोलणार होतं.

नेमकीने विचारलं, “ही ऑर्डर कधीची?”

“सतरा तारखेची असेल. मी कार्ड तेव्हाच लिहून पाकीट बंद केलं.”

“सतराला ओट होतं.”

“पण तू तर वर्णन बदललंस ना?”

“एकोणीसला बदललं,” नेमकी म्हणाली. “आज वाचलं ते बदललेलं. तिने वाचलं ते आधीचं.”

सासूबाईंनी ताटली हळूच स्वतःपासून दूर सरकवली.

चूक कुठे झाली हे नेमकीला लख्ख दिसत होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. पेटी आणि वर्णन अगदी जुळत होतं. फक्त ते वर्णन त्या बाईने विकत घेतलेलं नव्हतं. तिला पाठवलेल्या पावतीत ‘मोठी पेटी, एक’ एवढंच होतं. वर्णन बदलल्यावर आधीच्या गिऱ्हाइकांना कळवावं, हे नेमकीच्या डोक्यातच आलं नव्हतं. पान खरं आहे, एवढ्यावरच ती समाधानी होती.

तिने ऑर्डरी चाळल्या. बदलाच्या आधीच्या बहुतेक पेट्या ओटच्या बिस्किटांसह केव्हाच गेल्या होत्या. बदलाआधीच्या पण आज भरलेल्या अशा फक्त तीन होत्या. त्यातली एक मावशीची.

“आधी गाडीवाला,” ती म्हणाली आणि फोन लावला.

गाडीवाला चपलांच्या कारखान्यापाशी होता, माल चढवत होता. “पेटी परत? बाई, पट्टी टिपली की ती कंपनीची झाली. मी तुम्हाला देऊ शकत नाही, तुम्ही माझ्या सख्ख्या बहीण असलात तरी.”

“मी उचल रद्द केली तर?”

“डेपोत पोहोचायच्या आत केलीत आणि माझ्या यंत्रावर ‘रद्द’ आलं, तर देतो. डेपोत गेली की मग देवाची मर्जी. आज तिथे पेट्यांचा डोंगर आहे.”

“तुम्ही तिथे किती वेळ आहात?”

“चपला चढेपर्यंत. आणि चपला पुष्कळ आहेत.”

नेमकीने कुरियरच्या ॲपवर तिन्ही पेट्यांची उचल रद्द केली. थोरली तोवर स्कूटरची किल्ली घेऊन दारात उभी होती. पण ती जागची हलली नाही.

“एक सांगू? त्या बाईला फोन करायची काही गरज नाही,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “पेटी हातात येईल. शेंगदाणे काढू, दुसरं काहीतरी घालू, नवी फीत बांधू, कसंही करून पाठवू. तिला कळायचंही नाही. सणासुदीला कशाला बिचारीला घोर लावायचा?”

“आणि पाठवणार कशी? आज बाहेरगावची शेवटची गाडी आहे. उद्या दिली तर सणानंतर पोहोचेल.”

“मग तिथेच, गाडीपाशी उघडू. बिस्किटांचं पाकीट काढून घ्यायचं, झालं. दोन मिनिटांचं काम.”

नेमकीने तिच्याकडे पाहिलं. “ताई, सकाळपासून आपण कशाला हात लावलाय? ती बिस्किटं आपणच पाकिटांत भरली. मग त्याच हातांनी कागदाच्या पट्ट्या, बरण्या, फीत. टेबलावर चुरा आहे. तुमच्या पदरावर चुरा आहे.”

थोरलीने पदर पाहिला. होता.

“तो मुलगा चुऱ्यानेही आजारी पडतो का, ते आपल्याला माहीत नाही. कुणाला माहीत आहे? त्या बाईला. म्हणजे तिलाच विचारावं लागणार.”

“ती तुला फाडून खाईल.”

“खाऊ दे.”

“नेटवर लिहील. फोटोसकट.”

“लिहू दे,” नेमकी म्हणाली. संबंध वर्षाचं दुकान या दोन महिन्यांवर चालायचं, आणि ते चालायचं ते लोकांच्या चार चांगल्या ओळींवर. हे थोरलीलाही माहीत होतं आणि तिलाही.

सासूबाई उठल्या. “तुम्ही दोघी भांडा, तोवर चपला संपतील. थोरले, तू जा पेट्या आण. धाकटे, तू फोन कर. मी हे टेबल साबणाने घासते.” आणि जाता जाता म्हणाल्या, “बिस्किटं मी वर नेते. कुणीतरी नेलीच पाहिजेत.”

थोरली गेली. नेमकीने मावशीचा नंबर लावला.

पलीकडून कामात असलेला आवाज आला. “हॅलो, कोण?”

नेमकीने नाव सांगितलं, दुकान सांगितलं, आणि मग एका दमात सगळं सांगितलं: बिस्किटं बदलली, वर्णन बदललं, तुम्हाला कळवलं नाही, पेटी दुपारी निघाली, आता परत आणतोय. ‘थोडीशी गडबड’, ‘तांत्रिक अडचण’ असले शब्द तिने वापरले नाहीत.

बाई म्हणाल्या, “म्हणजे मी स्वतः लिहून दिलंय, डोळे मिटून खा, आणि आत शेंगदाणे असते.”

“हो.”

“माझ्या नावाने.”

“हो.”

“तुम्हाला माहीत आहे का, गेल्या वर्षी काय झालं? मी त्याला चॉकलेटं दिली. आत काय आहे ते वाचलं नाही. चष्मा घरी राहिला होता. पोरगं रात्रभर दवाखान्यात. माझी बहीण माझ्याशी वर्षभर बोललेली नाही. वर्षभर! म्हणून मी तुमचं पान उघडलं. त्यात फोटोतली कात्री पेटीत नाही असं लिहिलंय. मी म्हटलं, जी माणसं कात्रीचंसुद्धा लिहितात, ती शेंगदाण्याचं लिहिणार नाहीत होय?”

एवढ्या नेमक्या शब्दांत नेमकीला कुणी कधी बोललं नव्हतं.

“चुऱ्याने त्रास होतो त्याला?” तिने शेवटी विचारलं.

“होतो.”

“मग ती पेटी आता चालणार नाही. मी दुसरी भरते, सगळं नवीन, टेबल धुऊन, हात धुऊन. ओटची बिस्किटं नाहीत, त्याऐवजी तुम्ही सांगाल ते. नाहीतर पैसे परत, आत्ता. पण खरं सांगते, कुरियरने ती सणाच्या आधी पोहोचणार नाही.”

“तुमचं दुकान कुठे आहे?” बाई म्हणाल्या. “मी गावातच आहे, मी येते. माझ्या डोळ्यांसमोर भरा.”

थोरली परत आली तेव्हा स्कूटरच्या पुढे दोन पेट्या आणि मागे एक होती, आणि तिच्या केसांत चपलांच्या कारखान्यातली धूळ. “गाडीवाल्याने तीनदा माझी सही घेतली,” ती म्हणाली. “एकदा यंत्रावर, एकदा कागदावर, आणि एकदा त्याला खात्री वाटावी म्हणून. तिसरी कशाची होती मला अजून कळलेलं नाही.”

बाकीच्या दोन्ही गिऱ्हाइकांना नेमकीने फोन केले. एकजण म्हणाला, “शेंगदाण्याची? अरे वा, मग तर पाठवाच.” दुसरी बाई म्हणाली, “बिस्किटं होती का त्यात? मी मेणबत्तीसाठी घेतली होती.” त्या पेट्या सणानंतर पोहोचल्या तरी चालतील का, हेही नेमकीने विचारलं. पहिला म्हणाला, चालेल. दुसरी म्हणाली, चालणार नाही, पण पैसे परत केले तर चालेल.

मावशी आली ती अपेक्षेपेक्षा ठेंगणी निघाली. खांद्याला मोठी पिशवी, गळ्यात दोरीला चष्मा. खोलीत शिरताच तिने सगळीकडे नजर फिरवली: घासलेलं टेबल, कोपऱ्यात वेगळा ठेवलेला पट्ट्यांचा न फोडलेला गठ्ठा, मोरीपाशी वाळत असलेले तीन नॅपकिन. थोरलीने साडी बदलली होती, आणि सासूबाईही साडी बदलून बसल्या होत्या. पदरावर चुरा नको म्हणून, असं त्यांनी न विचारता सांगितलं.

“हात धुतलेत?” मावशीने विचारलं.

“दोनदा,” तिघी एकदम म्हणाल्या.

तिने चष्मा लावला, स्वतःचा फोन काढला आणि वर्णन उघडलं. नेमकीने वाचायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

“मध,” मावशी वाचू लागली.

“आहे,” थोरली म्हणाली.

“बरणी दाखवा.” मावशीने बरणीचं लेबल वाचलं, मागचंही वाचलं. जॅमचंही वाचलं. चॉकलेटपाशी ती थांबली. वडीच्या कागदावर बारीक अक्षरात काहीतरी होतं. तिने ते उजेडात धरलं. “‘शेंगदाणे हाताळणाऱ्या कारखान्यात बनवलेलं.’”

नेमकीने वडी हातात घेतली. ओळ खरंच होती. तिने वडीचं वजन वाचलं होतं, कोकोचं प्रमाण वाचलं होतं, ही ओळ वाचलीच नव्हती. म्हणजे आधीचं वर्णनही या मुलाच्या कामाचं नव्हतं. ओटची बिस्किटं वेळेवर मिळाली असती तर हे कुणालाच कळलं नसतं.

“बदाम?” तिने स्वतःच विचारलं आणि डबा उलटा केला. तिथेही तीच ओळ.

मावशीने दोन्ही बाजूला ठेवले. ती चिडली नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी सैल झालं. “चला,” ती म्हणाली, “म्हणजे माझीच नजर कमी नव्हती तर.”

पेटीत मध, जॅम, चहा आणि मेणबत्ती एवढंच उरलं. फारच रिकामी दिसत होती. थोरलीने आणखी एक जॅम घातला, मग मधाची दुसरी बरणी. “गोड गोड होईल सगळं,” सासूबाई म्हणाल्या. “तरुण मुलगा आहे, चालेल. मेणबत्तीही दुसरी घाला, दिवे गेले तर अभ्यास करील.”

“तो करायचा नाही,” मावशी म्हणाली.

फीत बांधायच्या आधी थोरलीने जुनं पाकीट पुढे केलं. “हे चालेल की नवीन लिहू?”

मावशीने पाकीट उघडून कार्ड पाहिलं. थोरलीच्या अक्षरात ते फार छान दिसत होतं. तिने ते पिशवीत टाकलं.

“नवीन लिहा. आणि कुरियर नको. सकाळच्या बसने मी स्वतःच जाते.” तिने पिशवीची चेन लावली. “बहीण दार उघडेल की नाही माहीत नाही. पण पोरगा उघडेल.”

“मग संदेश कशाला?” नेमकी म्हणाली. “तुम्हीच जाणार आहात ना?”

“अगं, वर्णनात लिहिलंय ना, वेगळे पैसे नाहीत म्हणून? मग सोडायचं कशाला?”

थोरलीने कोरं कार्ड घेतलं. मावशी सांगत गेली, ती लिहीत गेली: “लाडक्या, डोळे उघडे ठेवून खा. मी समोर बसले आहे. तुझी मावशी.”

ती गेल्यावर नेमकी फोन घेऊन टेबलापाशी बसली. चॉकलेट आणि बदामांखाली लेबलवरची ओळ तिने जशीच्या तशी घातली. मग शेवटी आणखी एक वाक्य लिहिलं: “तुम्ही ऑर्डर दिल्यानंतर पेटीतली कुठलीही वस्तू बदलली, तर पेटी भरण्याआधी आम्ही तुम्हाला फोन करू.”

थोरलीने खांद्यावरून वाचलं. “आणि फोन उचलला नाही तर?”

नेमकीने विचार केला आणि पुढे लिहिलं: “उचलला नाहीत, तर पेटी भरणार नाही.”

वरच्या मजल्यावरून सासऱ्यांचा आवाज आला, आज टेबल जेवायला मिळणार का? सासूबाई म्हणाल्या, “मिळेल, धुतलंय. आणि बिस्किटंही आहेत. तुम्हाला शेंगदाणे चालतात ना? चाळीस वर्षांत मी कधी विचारलंच नाही.”